मधला उभा दांडा कोणत्या रंगाचा? एका ट्रस पुलाच्या छायाचित्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका छायाचित्र प्रदर्शनात पुलांसाठी एक भिंत राखून ठेवली होती. प्रत्येक छायाचित्राखाली थोडक्यात मजकूर आणि शेजारी त्याच पुलाचे साधे रेखाटन, अशी मांडणी ठरली. रेखाटनात ज्या भागांवर ताण येतो ते निळे आणि ज्यांवर दाब येतो ते लाल रंगवायचे होते. ताण म्हणजे दांड्याला लांबवू पाहणारे बल, दाब म्हणजे त्याला आखूड करू पाहणारे. पाहणाऱ्याला एवढे दोनच शब्द माहीत असले तरी भार कुठून कुठे जातो ते दिसावे, ही कल्पना होती.

काम तिघांत वाटलेले होते. मजकूर एका लेखिकेकडे, रेखाटन एका चित्रकाराकडे आणि तपासणी पुलांच्या कामातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याकडे. मी या तिघांचे काम जुळवत होतो.

झुलत्या पुलाचे चित्र पहिल्याच बैठकीत मार्गी लागले. तिथे वाद घालायला जागाच नव्हती. मुख्य केबल दोन मनोऱ्यांवरून जाते आणि दोन्ही टोकांना जमिनीत जखडलेली असते. तिला लोंबणारे झुलते दोर खालचा रस्ता उचलून धरतात. केबल असो वा दोर, दोघांनाही फक्त ओढता येते, कारण दोरीने कुणाला ढकलता येत नाही. केबल मनोऱ्याच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना खाली उतरते, त्यामुळे माथा खाली दाबला जातो आणि मनोरा लाल होतो. राहिली दोन्ही टोकांची जखडण. केबल तिला वर आणि पुलाच्या दिशेने ओढत असते, आणि ती जागची हलू नये म्हणून काँक्रीटचे प्रचंड वजन किंवा खडक लागतो. इतके लिहिले की चित्र बोलू लागते.

मग ट्रस पुलाचे, म्हणजे सरळ दांडे त्रिकोणांत जोडून केलेल्या सांगाड्याच्या पुलाचे, चित्र समोर आले आणि पुढचा बराच काळ त्यातच गेला.

छायाचित्र

कृष्णधवल चित्र होते. नदीच्या काठावरून, किंचित तिरक्या कोनातून घेतलेले. एकाच गाळ्याचा लोखंडी रेल्वे पूल, दोन्ही टोकांना दगडी बांधकामावर टेकलेला. गाडी दोन ट्रसच्या मधून जाते, म्हणजे रूळ खालच्या पातळीवर आणि डोक्यावर आडवी बांधणी. एका बाजूच्या ट्रसमध्ये सहा खण, म्हणजे उभ्या दांड्यांनी पाडलेले सहा कप्पे, होते. टोकाचे दोन दांडे तिरके होऊन वर चढत होते, त्यांना जोडणारा वरचा पट्टा सरळ होता, खालचा पट्टाही सरळ, आणि मध्ये उभे व तिरके दांडे.

दांड्यांच्या जाडीत मोठा फरक होता, आणि पुढे सगळा उलगडा झाला तो त्यामुळेच. वरचा पट्टा आणि टोकाचे तिरके दांडे पेटीसारखे रुंद होते, त्यांच्या बाजूंवर बारीक पट्ट्यांची नागमोडी जाळी दिसत होती. खालचा पट्टा मात्र चपट्या पट्ट्यांच्या जोड्यांचा होता, आणि प्रत्येक पट्टीचे टोक गोल डोक्याचे, मध्ये जाड खिळीसाठी भोक असलेले. अभियंत्याने पाहताक्षणी सांगितले, "आयबार आहेत. पिनने जोडलेला जुना पूल."

अडचण

लेखिकेने पहिला मसुदा प्रामाणिकपणे आणि वाचनीय लिहिला होता. त्यात एक वाक्य होते: तिरके दांडे टेकूसारखे वरचा भार पेलून खाली उतरवतात. चित्रकाराने त्यानुसार सगळे तिरके दांडे लाल केले, सगळे उभे दांडे निळे केले. घराच्या भिंतीला लावलेला तिरका टेकू सर्वांनी पाहिलेला असतो, त्यामुळे कुणालाही ते पटले असते.

अभियंता म्हणाला, "बाई, तुमचं वाक्य चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या पुलाचं आहे."

तिचा प्रश्न रास्त होता. "चित्रात तर दांडा नुसता तिरका दिसतो, सर. तो ओढतोय की ढकलतोय, हे बघून कसं कळणार?"

खरी अडचण हीच होती. बल डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो आकार, दिशा आणि जाडी. त्यातून किती निष्कर्ष काढायचा आणि कुठे थांबून गणित करायचे, हे ठरवणे भाग होते. शिवाय चित्रात आणखी दोन गोष्टी अशा होत्या ज्यांचे उत्तर त्या क्षणी कुणाकडेच नव्हते. मधल्या दोन खणांत तिरके दांडे फुलीसारखे एकमेकांना छेदत होते, बाकीच्या खणांत तसे नव्हते. आणि अगदी मध्यावर एक उभा दांडा होता, ज्याचे काम काय ते सांगता येईना.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय चित्रकाराने सुचवला: रंगच काढून टाकू, फक्त 'वरचा पट्टा दाबात, खालचा ताणात' एवढे लिहू. हे वाक्य या पुलापुरते खरे आहे. दोन टोकांवर टेकलेली कोणतीही तुळई भाराने मध्ये खाली वाकते, वरची बाजू आकसते, खालची लांबते. पण तिरक्या-उभ्या दांड्यांबद्दल काहीच न बोलणे म्हणजे ट्रस न समजावता तुळई समजावणे झाले असते. शिवाय हा नियम आंधळेपणाने वापरला तर फसवतो. खांबाच्या दोन्ही बाजूंना हात पसरावेत तसा बांधलेला कँटिलिव्हर पूल असेल तर खांबाजवळ सगळे उलटे होते: वर ताण, खाली दाब. कॅनडातला क्वेबेक पूल याच जातीचा. २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असताना तो कोसळला आणि ७५ कामगार गेले. त्यात आधी दगा दिला तो खांबाजवळच्या खालच्या पट्ट्याने, आणि तो दाबाखाली होता.

दुसरा पर्याय लेखिकेचा होता. ट्रसचे चित्र वगळून दुसरा झुलता पूल घ्यावा. सोपे झाले असते. पण भिंतीवर दोन झुलते पूल आणि ट्रस एकही नाही, हे मला पटले नाही. झुलत्या पुलात ताणाचे आणि दाबाचे भाग इतके वेगळे असतात की पाहणाऱ्याला विचार करावाच लागत नाही. ट्रसमध्ये एकाच लोखंडाचे, जवळजवळ सारखे दिसणारे दांडे विरुद्ध कामे करतात, आणि सांगण्यासारखे असते ते तिथेच.

तिसरा पर्याय म्हणजे पुस्तकातली पूर्ण आकडेमोड छापणे. अभियंत्यानेच तो खोडला. तो म्हणाला, आकडे आपण करू, पण भिंतीवर लावणार नाही.

उरला चौथा: आधी चित्र नीट वाचायचे, मग सोप्या आकड्यांवर गणित करायचे, आणि दोन्ही जुळले तरच रंग भरायचे. तोच घेतला.

पहिले पाऊल: चित्रातला कोणता ट्रस खरा?

इथे छायाचित्राचा एक सापळा होता. चित्र तिरक्या कोनातून घेतलेले असल्यामुळे जवळच्या ट्रसमधून पलीकडचा ट्रसही दिसत होता. पलीकडचे दांडे थोडे सरकलेले दिसतात आणि जवळच्या दांड्यांवरून जातात, त्यामुळे जिथे नाहीत तिथेही फुल्या भासतात. डोक्यावरची वाऱ्यासाठीची तिरकी बांधणीही या गर्दीत मिसळते. चित्रकाराच्या पहिल्या रेखाटनात पाच खणांत फुल्या होत्या.

उपाय साधा निघाला. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून आधी फक्त जवळच्या खालच्या पट्ट्यावरचे पिनचे सांधे टिपले, मग जवळच्या वरच्या पट्ट्यावरचे. जो दांडा या टिपलेल्या सांध्यांपैकी एकापासून निघून दुसऱ्यावर संपतो, तोच जवळच्या ट्रसचा. ज्याचे एखादे टोक सांध्याऐवजी मध्येच हरवते तो पलीकडचा. अशी गाळणी लावल्यावर पाचांपैकी दोनच फुल्या खऱ्या ठरल्या, त्या मधल्या दोन खणांतल्या. टोकाचे वर चढणारे दांडे सोडले तर उरलेल्या खणांत एकेकच तिरका दांडा होता आणि तो नेहमी वरच्या बाहेरच्या सांध्यापासून निघून मध्याकडे खाली उतरत होता.

ही दिशा कळल्यावर पुलाची जात कळली. मध्याकडे उतरणाऱ्या तिरक्या दांड्यांची ही रचना प्रॅट ट्रस म्हणून ओळखली जाते. थॉमस आणि केलेब प्रॅट यांनी १८४४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. त्याआधी १८४० मध्ये विल्यम हाउ याने पेटंट घेतलेल्या रचनेत तिरके दांडे उलट, म्हणजे मध्याकडे वर चढतात. लेखिकेचे टेकूचे वाक्य हाउच्या पुलाला अगदी बरोबर बसले असते. त्यात तिरके दांडे लाकडाचे असत आणि दाब घेत, उभे लोखंडी गज ताण घेत.

दुसरे पाऊल: करवत चालवून पाहणे

लेखिकेला दिशा आणि बल यांचा संबंध अजून मनातून पटत नव्हता. तेव्हा अभियंत्याने जी युक्ती सांगितली ती पुढे जशीच्या तशी मजकुरात गेली. एखादा दांडा मध्येच करवतीने कापला अशी कल्पना करायची आणि पूल भाराने थोडा खाली बसू द्यायचा. कापलेली दोन टोके एकमेकांपासून दूर गेली तर तो दांडा ताणात होता, एकमेकांवर येऊन घुसली तर दाबात.

खालचा पट्टा मध्यावर कापला तर फट उघडते. वरचा कापला तर टोके एकमेकांत घुसतात. आता डावीकडून दुसऱ्या खणातला तिरका दांडा कापून बघा. त्या खणाचा डावा भाग काठाच्या टेकणीवर उभा आहे, उजवा भाग भाराने खाली जाऊ पाहतो. म्हणजे खणाचा चौकोन तिरपा होतो, उजवी बाजू खाली घसरते. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर त्यामुळे वाढते. दांडा नेमका त्याच दोन कोपऱ्यांत बसवलेला आहे, म्हणून तो ताणला जातो. दुसऱ्या दोन कोपऱ्यांतले अंतर कमी होते. हाउने दांडा तिथे बसवला, म्हणून त्याचा दांडा दाबला जातो. एवढे झाल्यावर लेखिकेने टेकूचे वाक्य स्वतःच काढले.

तिसरे पाऊल: सोपे आकडे

चित्रावरून पुलाचे खरे भार काढता येत नाहीत आणि आम्ही तसा आवही आणला नाही. समजायला सोपे जावे म्हणून खणाची रुंदी आणि ट्रसची उंची सारखीच धरली, म्हणजे तिरके दांडे ४५ अंशांत आले. खालच्या मधल्या पाच सांध्यांवर प्रत्येकी १० टन भार धरला, त्यातले ४ टन पुलाचे स्वतःचे आणि ६ टन गाडीचे. एकूण ५० टन, म्हणून प्रत्येक काठावर २५.

आता डाव्या टोकापासून चालत जायचे. पहिल्या खणात काठाने वर ढकललेले २५ टन आहेत आणि ते पेलायला टोकाचा तिरका दांडा एकटाच आहे. तो ४५ अंशांत असल्यामुळे त्याच्यात सुमारे ३५ टन दाब येतो. दुसऱ्या खणात जाताना वाटेत पहिल्या सांध्याचे १० टन वजा झाले, उरले १५. वरचा आणि खालचा पट्टा आडवे आहेत, त्यांना उभे बल घेता येत नाही, म्हणून हे १५ टनही तिरक्या दांड्यानेच घ्यायचे: सुमारे २१ टन ताण. तिसऱ्या खणात उरले फक्त ५, आणि तिथल्या दांड्यात जेमतेम ७ टन ताण. मध्याकडे जाल तसे तिरक्या दांड्यांचे काम हलके होत जाते.

पट्ट्यांचे उलट होते. वरच्या पट्ट्यात दुसऱ्या खणात ४० टन आणि तिसऱ्यात ४५ टन दाब निघाला. खालच्या पट्ट्यात टोकाच्या दोन खणांत २५ टन आणि मधल्या खणांत ४० टन ताण. म्हणजे पट्ट्यांवरचा भार मध्यावर सर्वांत जास्त.

उभ्या दांड्यांनी सगळ्यांनाच चकवले. चित्रकाराने ते सरसकट निळे केले होते, अभियंत्याने घाईत "प्रॅटमध्ये उभे दाबात" असे म्हटले होते, आणि तिन्ही जातीची उत्तरे निघाली. पहिला उभा दांडा त्याच्याखालच्या सांध्याचे १० टन नुसते लोंबकळत ठेवतो, म्हणून तो ताणात. दुसऱ्या उभ्या दांड्याच्या पायाशी तिरका दांडा १५ टन वर खेचतो, तिथला भार १०, म्हणून उरलेले ५ टन उभ्या दांड्याने खाली ढकलायचे: तो दाबात. आणि मधल्या उभ्या दांड्याच्या पायाशी दोन्हीकडचे तिरके दांडे ५ आणि ५ टन वर खेचतात, भार १०. हिशेब तिथेच मिटला. मधल्या दांड्याला शून्य.

चित्रकार हसून म्हणाला, "मग तो काढून टाकला तरी चालेल?"

निर्णयाचा क्षण: जाडी काय सांगते

इथे गणित बाजूला ठेवून आम्ही पुन्हा छायाचित्राकडे वळलो. पहिला उभा दांडा खरोखरच बारीक होता, दोन चपट्या पट्ट्यांचा. दुसरा उभा दांडा त्याच्या निम्मेच बल घेत असूनही रुंद, जाळीदार बांधणीचा. वरवर हे उफराटे वाटते, पण ट्रसच्या चित्रात वाचण्यासारखी सगळ्यात मोठी खूण हीच आहे.

ताणातला दांडा ताणाने सरळच होतो. त्याला फक्त पुरेसे लोखंड हवे, ते कोणत्याही आकारात चालते, म्हणून चपटी पट्टी पुरते. दाबातला लांब दांडा मात्र लोखंड चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला बाक घेतो आणि वाकून निकामी होतो. या वाकण्याला लांबी फार भोवते: तोच दांडा दुप्पट लांब केला तर वाकण्यापूर्वी तो चौथाई भारच घेऊ शकतो. बाक घेऊ नये म्हणून लोखंड मध्यापासून दूर पसरावे लागते. म्हणून दोन बाजूंना पाट्या, मध्ये पोकळी, आणि त्या पाट्या एकत्र राहाव्यात म्हणून बारीक पट्ट्यांची जाळी. ती शोभेची नसते. क्वेबेकच्या पुलात दाबाखालचे पट्टे दगावले त्यात या जाळीचा कमकुवतपणा हे प्रमुख कारण होते.

ताणाचा धोका निराळ्या जातीचा. तिथे वाकणे नाही, पण बारीकशी चीर असली तर ताण तिला उघडत नेतो. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी पडला, ४६ माणसे गेली. तो केबलऐवजी आयबारच्या साखळीवर झुलणारा पूल होता. एका आयबारच्या डोक्यात सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची चीर होती. साखळीच्या प्रत्येक कडीत दोनच आयबार होते, एक तुटल्यावर दुसरा ते पेलू शकला नाही.

म्हणून मजकुरात एक नियम आला, पण एकतर्फी: बारीक, लवचीक दांडा दिसला तर तो ताणासाठीच आहे. जाड दांडा दिसला म्हणून तो दाबासाठीच आहे असे मात्र समजू नये. खालचा पट्टा मध्यावर चार-चार पट्ट्यांचा झाल्याने दुरून जाड दिसतो, तरी तो ताणातच असतो.

फुल्या आणि मधला दांडा

गाडी पूर्ण पुलावर असतानाचे गणित झाले होते. पण गाडी पुलावर येते तेव्हा आधी एकाच बाजूला असते. अभियंत्याने ६-६ टन फक्त डावीकडच्या पहिल्या दोन सांध्यांवर ठेवले, पुलाचे स्वतःचे ४ टन सगळीकडे राहू दिले आणि तिसरा खण पुन्हा तपासला. डाव्या काठावर आता १९ टन येतात, आणि दोन सांध्यांचे मिळून २० वजा होतात. उरतात उणे १. चिन्ह बदलले. म्हणजे या खणाचा चौकोन आता उलट्या बाजूला तिरपा होऊ पाहतो, आणि जो दांडा ताणासाठी बसवला त्याच्यावर दाब यायला लागतो. तो बारीक आहे, दाब आला तर वाकेल.

फुलीतला दुसरा दांडा याचसाठी. उलट तिरपेपणात लांबणाऱ्या कर्णावर तो बसवलेला आहे, त्यामुळे पहिला सैल पडला की हा ताण घेतो. दोघेही ताणासाठीच, फक्त पाळी वेगळी. फुल्या मधल्याच दोन खणांत का, तेही गणितातून उलगडले. दुसऱ्या खणात गाडीचे ६ टन फक्त पहिल्या सांध्यावर ठेवले, म्हणजे उलटण्याची सर्वांत वाईट स्थिती घेतली, तर गाडीमुळे उणे १ येतो. पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचे अधिक ६ तिथे असतातच, म्हणून बेरीज अधिक ५ राहते आणि चिन्ह बदलत नाही. तिथे दुसऱ्या दांड्याची गरज नाही. मध्याजवळ पुलाच्या वजनाचा वाटा फक्त २, तो गाडीच्या उणे ३ पुढे हरतो.

आणि फुलीतला हा दुसरा दांडा वरच्या मधल्या सांध्याला खाली ओढतो, त्या क्षणी शून्यावर बसलेला मधला उभा दांडा १ टन दाब घेऊ लागतो. शिवाय वरच्या पट्ट्याचे स्वतःचे वजन त्याच्यावर असते, जे आम्ही सोयीसाठी खालच्या सांध्यांत धरले होते. आणखी एक काम त्याहून मोठे: तो वरच्या पट्ट्याला मध्ये धरून ठेवतो. तो नसता तर दोन खणांची लांबी एकसलग दाबाखाली राहिली असती आणि पट्टा ट्रसच्या पातळीत वर-खाली बाक घ्यायला मोकळा झाला असता. लांबी दुप्पट, ताकद चौथाई. चित्रकाराच्या प्रश्नाचे हे उत्तर होते.

मग त्याला रंग कोणता द्यायचा? लाल दिला तर पूर्ण भाराच्या चित्रात तो खोटा, रंगच न दिला तर निरुपयोगी वाटेल. शेवटी एकाऐवजी दोन रेखाटने ठरली. एकात गाडी पूर्ण पुलावर, मधला दांडा करडा. दुसऱ्यात गाडी डावीकडे, मधला दांडा फिकट लाल आणि फुलीतला दुसरा दांडा निळा.

बाणांचा प्रश्न

चित्रकाराला दांड्यांवर बाण काढायचे होते. लेखिकेने एका पाठ्यपुस्तकातली आकृती आणली, त्यात ताणातल्या दांड्यावर बाण एकमेकांकडे तोंड करून होते. तिला ते सरळ उलटे वाटले, आणि तिचे वाटणे स्वाभाविक होते. अभियंते बाण काढतात तो दांडा सांध्याला काय करतो ते दाखवायला: ताणातला दांडा सांध्याला आपल्याकडे खेचतो, म्हणून बाण आत. सर्वसाधारण माणूस मात्र बाण दांड्याला काय होते आहे असा वाचतो. दोन्ही वाचने आपापल्या जागी बरोबर, निष्कर्ष विरुद्ध. मी बाण काढून टाकायला सांगितले. त्याऐवजी रेषेची जाडी बलाच्या प्रमाणात ठेवली. त्यामुळे पट्टे मध्याकडे जाड होत जाताना आणि तिरके दांडे बारीक होत जाताना एका दृष्टीत दिसू लागले.

परिणाम

छपाईआधी पाट्या काही पाहणाऱ्यांना दाखवल्या. करवतीची युक्ती वाचल्यावर बहुतेकांनी स्वतःहून एखादा दांडा निवडून कापून पाहिला, आणि ते हवेच होते. एका मुलीने विचारले, गाडी उजवीकडून आली तर? उत्तर चौथ्या खणातल्या फुलीत आहे, पण पाटीवर ते नव्हते. दुसऱ्या रेखाटनाखाली त्यासाठी एक ओळ वाढवली.

रेषेच्या जाडीचा मात्र एक दुष्परिणाम झाला. काहींनी ती दांड्याची खरी जाडी समजली आणि छायाचित्रातला रुंद दुसरा उभा दांडा रेखाटनात बारीक का, असे विचारले. खुलासा रेखाटनाला चिकटूनच द्यावा लागला: इथली जाडी बलाची आहे, लोखंडाची नव्हे.

वेगळे काय करता आले असते

छायाचित्रकाराकडून सुरुवातीलाच समोरून, ट्रसला काटकोनात घेतलेले दुसरे चित्र मागवायला हवे होते. त्यात दोन्ही ट्रस एकमेकांमागे झाकले जातात आणि खोट्या फुल्या उरत नाहीत. रंग ठरवण्याआधी भाराच्या किमान दोन स्थिती तपासायच्या, हेही आधी ठरले असते तर चित्रकाराला रेखाटन पुन्हा पुन्हा करावे लागले नसते.

टेकण्यांकडे मात्र आम्ही सगळ्यात शेवटी पाहिले, आणि त्या सर्वांत आधी पाहायला हव्यात. चित्राच्या एका टोकाशी ट्रसच्या पायाखाली रोलर दिसत होते. गाळा दोन टोकांवर सुटा टेकला आहे, उन्हाने लांबायला मोकळा आहे, याची ती खूण. ही खूण नसती तर वर दाब, खाली ताण हे आमचे गृहीतकच तपासावे लागले असते.

शेजारच्या चित्रात नवा, वेल्डिंगने जोडलेला वॉरन जातीचा पूल होता, उभे दांडे नसलेला, नुसत्या त्रिकोणांचा. तिथे ही पद्धत अर्धीच चालली. सगळे तिरके दांडे सारख्याच पेट्यांचे, त्यामुळे जाडीवरून काही कळत नाही. पूर्ण भाराखाली मध्याकडे उतरणारे दांडे ताणात आणि मध्याकडे चढणारे दाबात, इतके दिशेवरून सांगता येते. पण मध्याजवळचे दांडे गाडी सरकेल तशी बाजू बदलतात. तिथे फुली नाही, कारण तोच पेटीसारखा दांडा दोन्ही कामे करू शकतो. त्या दांड्यांना रेखाटनात दोन्ही रंगांचे पट्टे दिले आहेत.